संदर्भ डायोडचा किमान प्रवाह : मालवण किनाऱ्यावरील एका बॅटरी-सूचकाच्या निमित्ताने

देवगड, आचरा, सर्जेकोट, मालवण, निवती आणि वेंगुर्ले या बंदरांतून रोज पहाटे समुद्रात लोटल्या जाणाऱ्या यांत्रिक नौकांपैकी पुष्कळशा नौकांवर बारा व्होल्टांची एक शिसे-आम्ल बॅटरी असते, आणि दिवे, वायरलेस, जीपीएस, माशांचा थवा दाखवणारे यंत्र व इंजिनाचा स्टार्टर ही सारी मंडळी तिच्याच दिमतीवर चालतात. ती वाजवीपेक्षा अधिक उतरली तर परतीच्या वेळी इंजिन सुरू होत नाही, म्हणून तिचे व्होल्टेज एका ठरावीक मर्यादेखाली जाताच बझर वाजवणारा छोटासा सूचक बसवून घेण्याची तजवीज अनेक नौकामालक करतात. हा सूचक स्थानिक कारागीर किंवा तंत्रनिकेतनातील एखादा हौशी विद्यार्थी चारदोनशे रुपयांत करून देतो, आणि त्याची मांडणीही सरळ असते : बॅटरीच्या व्होल्टेजाचा एक अंश घ्यावयाचा, तो एका स्थिर व्होल्टेजाशी ताडून पाहावयाचा, आणि अंश कमी भरला की बझर वाजवावयाचा. यातील स्थिर व्होल्टेज पुरवणारा घटक म्हणजे संदर्भ डायोड. त्याच्याविषयी एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे हे सूचक कसे मुके राहतात, आणि ती गोष्ट हिशेबात धरून ते कसे बांधावेत, हे सविस्तर सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम डायोड उलट दिशेने वाहू लागतो म्हणजे काय होते ते पाहू. सिलिकॉनच्या पी व एन या दोन भागांच्या सांध्यावर एक अतिशय पातळ थर असतो, ज्यात मुक्त विद्युत्‌वाहक जवळजवळ नसतात. डायोडला उलट्या ध्रुवांनी जोडले असता हा थर अधिक रुंद होतो आणि सगळे व्होल्टेज त्याच्यावरच पडते, त्यामुळे प्रारंभी जो प्रवाह वाहतो तो नगण्य असतो. परंतु निर्मात्याने सिलिकॉनमध्ये अशुद्धी भरपूर मिसळली असेल तर हा थर मुळातच इतका अरुंद राहतो की थोड्याशा व्होल्टेजानेही त्यातील विद्युत्‌क्षेत्राची तीव्रता सेंटिमीटरला सुमारे दहा लाख व्होल्टांच्या घरात जाते, आणि मग बंधात अडकलेले इलेक्ट्रॉन पुंजयामिकीच्या नियमाने तो थर ओलांडून थेट पलीकडे निघतात. क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ साली विद्युत्‌रोधक पदार्थांच्या संदर्भात ही उपपत्ती मांडली, आणि म्हणून या जातीच्या डायोडला त्यांचे नाव मिळाले. अशुद्धी कमी असेल तर थर रुंद राहतो आणि दुसरीच प्रक्रिया घडते : क्षेत्राने वेगवान झालेला एक इलेक्ट्रॉन जाळीतील अणूवर आदळून नवी वाहकजोडी मोकळी करतो, ती जोडी पुन्हा तसेच करते, आणि वाहकांची संख्या गुणाकाराने वाढत जाते. सिलिकॉनमधील या दुसऱ्या प्रक्रियेचा, म्हणजे अ‍ॅव्हलांचचा, उलगडा के. जी. मॅके यांनी १९५० नंतरच्या दशकात केला. साधारणपणे पाच व्होल्टांच्या खालच्या डायोडांत पहिली प्रक्रिया प्रबळ असते, सहा-सातच्या वर दुसरी, आणि मधल्या पट्ट्यात दोघींचा अंमल एकत्र चालतो. व्यवहारात मात्र तिन्ही प्रकारांना झेनर डायोडच म्हणतात.

या उलट वहनाला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून डायोड मोडला, जळाला असा समज होतो, पण तसे काही घडत नाही. उष्णता मर्यादेत राहील तोवर डायोड वर्षानुवर्षे या अवस्थेत सुखरूप काम करतो. आपल्या उपयोगाचा गुण असा की, एकदा हे वहन पूर्णत्वाने सुरू झाले म्हणजे प्रवाह दुप्पट-तिप्पट झाला तरी डायोडच्या दोन टोकांमधील व्होल्टेज फारच थोडे बदलते. म्हणून बॅटरी आणि डायोड यांच्यामध्ये एक रोधक घातला की बॅटरीच्या व्होल्टेजातील सगळी चढउतार त्या रोधकावर पडते, आणि डायोडच्या टोकांवर स्थिर व्होल्टेज शिल्लक राहते.

आमच्याकडे दिवाळीनंतर वहाळाला जो बंधारा घालतात त्याच्या उदाहरणाने हे नीट समजेल. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी सांडत असते तोवर वरच्या अंगाच्या डोहाची पातळी माथ्याइतकीच राहते, वहाळ कमी आला काय आणि अधिक आला काय. पण बागायतीचे पाट आणि बंधाऱ्यातली गळती मिळून येणारे सगळे पाणी ओढून घेऊ लागले, माथ्यावरून सांडणे थांबले, की पातळी राखणारे कोणी उरत नाही आणि डोह मुकाट्याने उतरू लागतो. संदर्भ डायोडमधून वाहणारा प्रवाह हे सांडणारे पाणी आहे. वरवर पाहणाऱ्याला तो फुकट जातो असे वाटते, परंतु पातळी राखण्याचे काम तोच करतो, आणि तो किती असला पाहिजे याला एक खालची सीमा आहे.

डायोडचा प्रवाह आणि व्होल्टेज यांचा आलेख काढला तर ही सीमा डोळ्यांना दिसते. मोठ्या प्रवाहाच्या भागात रेषा जवळजवळ उभी असते. प्रवाह कमी करत गेलो की एका ठिकाणी ती गुडघ्यासारखी वाकते आणि मग शून्याकडे घसरते. कारागीर ज्याला ‘नी करंट’ म्हणतात तो या वळणाचा प्रवाह. वळणाच्या आत वहन अर्धवट असते. अ‍ॅव्हलांच जातीच्या डायोडात सांध्यावरील काही मोजके बिंदूच पेटतात व विझतात, त्यामुळे व्होल्टेज कमी तर भरतेच, शिवाय त्यात खरखरही पुष्कळ येते. कमी व्होल्टेजाच्या झेनर जातीत तर हे वळण मुळातच ऐसपैस गोलाईचे असते, आणि हे ठाऊक नसल्यामुळेच फसगत होते. ८.२ व्होल्टांच्या डायोडची रेषा बऱ्यापैकी टोकदारपणे वळते, परंतु ५.१ किंवा ३.३ व्होल्टांच्या डायोडची रेषा मिलीअँपिअरच्या आसपासच वाकू लागलेली असते. निर्मात्याच्या माहितीपत्रकात याचा दाखला मिळतो : बीझेडएक्स ७९ मालिकेतील ५.१ व्होल्टांच्या डायोडचा गतिक रोध ५ मिलीअँपिअरला जास्तीत जास्त ६० ओहम असतो, तोच १ मिलीअँपिअरला ४८० ओहमपर्यंत जातो. गतिक रोध म्हणजे प्रवाह किंचित बदलला असता व्होल्टेज किती हलते त्याचे माप. ते आठपट झाले याचा अर्थ डायोडची पातळी राखण्याची ऐपत आठपट घटली.

त्याच पत्रकात आणखी एक बाब असते, जिच्याकडे खरेदी करताना कोणी पाहत नाही. डायोडवर छापलेले ५.१ हे व्होल्टेज एका विशिष्ट चाचणी-प्रवाहाला मोजलेले असते. अर्ध्या वॅटच्या बीझेडएक्स ७९ साठी तो प्रवाह ५ मिलीअँपिअर आहे; एक वॅटच्या १एन४७३३ए या डायोडवरही ५.१ व्होल्ट असेच लिहिलेले असते, परंतु त्याचा चाचणी-प्रवाह ४९ मिलीअँपिअर आहे. जो प्रवाह आपण देणारच नाही त्या प्रवाहाला लिहिलेला आकडा आपल्या हिशेबात धरणे म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातील शिल्लक आपली समजणे होय, आणि दुकानदाराने ‘हा मोठा आहे, टिकेल’ म्हणून एक वॅटचा डायोड हाती दिला तर चूक कमी न होता वाढते.

आता प्रत्यक्ष प्रकरण घेऊ. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका नौकेतील सूचक उघडून पाहण्याचा योग मला आला, तेव्हा तांडेलाचे गाऱ्हाणे थोडक्यात होते : ‘‘बॅटरी उतारली, तरी ह्यो बझर काय वाजूक नाय.’’ पेटी प्लास्टिकची, झाकणाला रबराची पट्टी, आत सुपारीच्या खांडापेक्षा थोडी मोठी छापील पट्टी; सगळे घटक शाबूत होते, एकही सांधा सुटलेला नव्हता. ५.१ व्होल्टांचा अर्ध्या वॅटचा झेनर बॅटरीच्या धन टोकाला ४७ किलोओहमच्या रोधकातून जोडला होता, आणि बांधणाऱ्याचा उद्देशही उघड होता, की सूचकाने बॅटरीवर भार टाकू नये. बॅटरीच्या व्होल्टेजाचा अंश घेणारी रोधकांची जोडी मात्र ‘संदर्भ ५.१ आहे’ असे गृहीत धरून निवडलेली होती, म्हणजे बॅटरी ११.८ व्होल्टांवर आली की अंश बरोबर ५.१ व्हावा अशी.

हिशेब करून पाहा. बारा व्होल्टांतून डायोडचे पाच-सव्वापाच वजा केले तर रोधकावर सुमारे सात व्होल्ट पडतात, आणि ४७ किलोओहममधून सात व्होल्ट म्हणजे ०.१५ मिलीअँपिअर, चाचणी-प्रवाहाच्या तेहतिसाव्या हिश्श्याइतका प्रवाह. इतक्या अल्प प्रवाहाला ५.१ व्होल्टांचा झेनर वळणाच्या पार खाली असतो आणि त्याच्यावर चार व्होल्टांच्या आसपासच काय ते भरते. नग बदलला की हाही आकडा बदलतो. आता संदर्भ ४.१ धरा. बॅटरीचा अंश ४.१ च्या खाली जाईपर्यंत बझर वाजणार नाही, आणि रोधकांच्या त्या जोडीने ४.१ चा अंश मिळतो तो बॅटरी साडेनऊ व्होल्टांच्या आसपास आल्यावर. म्हणजे ११.८ ला इशारा देण्यासाठी नेमलेला पहारेकरी साडेनऊला जागा होणार. तेव्हा बॅटरी पुरती रिकामी झालेली असते आणि स्टार्टर फिरण्याची आशाच उरत नाही. या दोषाचे वाईट असे की तो नेहमी एकाच बाजूला जातो. संदर्भ उतरला की इशारा उशिरा मिळतो, लवकर कधीच मिळत नाही. आणि न वाजणारा बझर हा बिघडलेला आहे की समाधानी आहे, हे बाहेरून कळण्याला मार्ग नसतो.

याच्यावरचा पहिला उपाय उघड आहे : झेनरला त्याच्या हक्काचे पाच मिलीअँपिअर द्यावेत. ११.८ मधून ५.१ वजा जाता ६.७ व्होल्ट उरतात, त्यांना ५ मिलीअँपिअरने भागले की १.३४ किलोओहम येतात, म्हणून बाजारात मिळणारा १.२ किलोओहमचा रोधक घालावा. सूचक तेवढ्याने सुधारेल. परंतु मग बारा व्होल्टांना जवळजवळ पावणेसहा मिलीअँपिअर अखंड खर्च होतात, आणि १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीच्या एकसष्ट दिवसांत नौका वर ओढलेली असताना कोणी तार सोडवली नाही तर सुमारे साडेआठ अँपिअर-तास त्यातच जातात. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे जड नाही. लहान बॅटरीला आहे.

माझ्या मते याहून चांगली योजना टीएल ४३१ या घटकाची आहे, जो मालवण-कणकवलीच्या दुकानातही दहा-वीस रुपयांत सापडतो, कारण मोबाइलच्या अनेक चार्जरांत आणि टीव्हीच्या वीजपुरवठ्यांत तो वापरलेला असतो. येथे एक खुलासा केला पाहिजे. टीएल ४३१ काय किंवा एलएम ४०४० काय, यांचे चिन्ह झेनरसारखे काढतात, माहितीपत्रकातही काही निर्माते उलट वहनाचे व्होल्टेज असाच शब्दप्रयोग करतात, पण यांच्या पोटात सांध्याचे उलट वहन नसून सिलिकॉनच्या ऊर्जा-अंतरावर आधारलेले एक छोटे ट्रान्झिस्टर-मंडल असते, जे झेनरच्या वर्तनाची अधिक रेखीव नक्कल करते. त्यामुळे यांचे वळण गोल नसून कोपऱ्यासारखे असते : आतील मंडलाला चालण्यापुरता प्रवाह मिळाला की व्होल्टेज जागेवर, आणि त्याहून कमी मिळाला की ते धडकन खाली. टीएल ४३१ चे नियंत्रक टोक त्याच्या कॅथोडला जोडले असता २.५ व्होल्ट मिळतात, गतिक रोध अर्ध्या ओहमपेक्षा अधिक नसतो, आणि किमान प्रवाह १ मिलीअँपिअर धरावा लागतो. पत्रकात ०.४ हा आकडाही दिसेल. तो सर्वसाधारण नगाचा आहे, निर्माता ज्याची हमी घेतो तो १ चा आहे, आणि ज्याच्या भरवशावर माणूस समुद्रात जाणार त्या उपकरणात हमीचाच आकडा वापरावा.

रोधक निवडताना बॅटरीचे कोणते व्होल्टेज धरावे, हा पुढचा प्रश्न. येथे बहुतेक जण बारा धरतात, आणि तेच चुकते. किमान प्रवाहाची परीक्षा बॅटरी सर्वांत खाली असते तेव्हा होते. स्टार्टर फिरत असतानाच्या क्षणी उतरत्या बॅटरीचे व्होल्टेज नऊपर्यंत खाली येऊ शकते, आणि नेमक्या त्या वेळी संदर्भ डळमळला तर सगळी तुलनाच निरर्थक होते. तेव्हा नऊ व्होल्ट धरू. नवांतून अडीच वजा जाता साडेसहा व्होल्ट रोधकावर राहतात. डायोडचा १ मिलीअँपिअर, कंपॅरेटरच्या प्रवेशटोकाचा जवळजवळ नगण्य असा प्रवाह, आणि गळतीसाठी व रोधकाच्या पाच टक्के फरकासाठी राखून ठेवलेला तिसरा हिस्सा, अशी एकूण सव्वा ते दीड मिलीअँपिअरची तरतूद केली, तर ४.७ किलोओहम हा बाजारातील रोधक जुळतो : नऊ व्होल्टांना तो १.३८ मिलीअँपिअर सोडतो, आणि स्वतः पाच टक्क्यांनी अधिक भरला तरी १.३ च्या वरच राहतो. चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ व्होल्टांवर गेली की प्रवाह अडीच मिलीअँपिअर होतो, जो टीएल ४३१ च्या १०० मिलीअँपिअर मर्यादेच्या कितीतरी आत आहे; रोधकात तेव्हा जिरणारी शक्ती ३० मिलीवॅट, म्हणजे पाव वॅटचा रोधक कोमटसुद्धा होणार नाही. बारा व्होल्टांना खर्च २ मिलीअँपिअर, आणि बंदीच्या एकसष्ट दिवसांचा मिळून सुमारे ३ अँपिअर-तास.

बॅटरीचा अंश घेण्यासाठी खाली १० किलोओहम आणि वर ३३ किलोओहमला जोडून १० किलोओहमचा प्रीसेट ठेवावा, आणि बॅटरी ११.८ असता मधले टोक २.५ वर येईल असा तो फिरवावा. वरचा एकूण रोध तेव्हा ३७ किलोओहमच्या आसपास भरेल. कंपॅरेटर म्हणून एलएम ३९३ पुरेसा आहे, कारण तो दोन व्होल्टांपासून छत्तीस व्होल्टांपर्यंतच्या पुरवठ्यावर चालतो. स्टार्टरच्या क्षणिक घसरणीने बझर वाजू नये म्हणून मधल्या टोकाला व ऋण टोकाला जोडणारा एक कॅपॅसिटर घालून थोडा विलंब आणावा. हाच कॅपॅसिटर ‘स्थिरतेसाठी’ म्हणून टीएल ४३१ च्या दोन टोकांवर मात्र लावू नये : काही मूल्यांच्या कॅपॅसिटरने हा घटक स्वतःच दोलन करू लागतो, आणि त्याची मनाई असलेला पट्टा माहितीपत्रकात आलेखाने दाखवलेला असतो. बझर, एलईडी किंवा अन्य काहीही संदर्भाच्या टोकावरून चालवू नये. एलईडीला लागणारे पाच मिलीअँपिअर त्याने तेथून ओढले की डायोडच्या वाट्याला काहीच उरत नाही. ते बॅटरीवरून थेट द्यावेत.

आता या किनाऱ्याची खास गोष्ट. कमी वीज खाणाऱ्या संदर्भांपैकी एलएम ४०४० हा घटक फार गुणी आहे. त्याच्या अडीच व्होल्टांच्या चांगल्या प्रतीला ६० ते ६५ मायक्रोअँपिअर एवढाच किमान प्रवाह लागतो, म्हणजे टीएल ४३१ च्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास. मग नऊ व्होल्टांना ६५ मायक्रोअँपिअर सोडणारा १०० किलोओहमचा रोधक घालावा, असे गणित कोणीही करील आणि पुण्यातल्या टेबलावर ते बरोबरही ठरेल. परंतु मालवणच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये आणि समुद्रावर तर बारमास उघड्या तांब्यावर व झारणीच्या राळेवर मिठाचा अदृश्य थर बसतो, जो स्वतः पाणी ओढून घेऊन ओलसर राहतो आणि वीज वाहतो. दांडीच्या त्या पट्टीवरही डायोडच्या दोन पायांमध्ये हिरवट-पांढरी बुरशीसारखी रेघ होती, जी नखाने सहज निघाली. असा थर डायोडच्या दोन टोकांमध्ये ५० किलोओहमचा मार्ग करून बसला, तर अडीच व्होल्टांना ५० मायक्रोअँपिअर त्यातूनच निघून जातात. ६५ पैकी ५० गेले की एलएम ४०४० ला पंधरा उरतात आणि संदर्भ कोसळतो. टीएल ४३१ च्या १३८० पैकी तेच ५० गेले तर काहीच बिघडत नाही. गळती तीच, थर तोच. पहिल्यात तो सर्वस्व नेतो आणि दुसऱ्यात चिल्लर.

म्हणून एलएम ४०४० वापरायचाच असेल, आणि सात अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीवर तो जरूर वापरावा, तर त्याला किमान प्रवाहाच्या दुपटीहून कमी देऊ नये. नऊ व्होल्टांना ४७ किलोओहमचा रोधक १३८ मायक्रोअँपिअर सोडतो, त्यातून गळतीचे ५० वजा गेले तरी ८८ शिल्लक राहतात, आणि बारा व्होल्टांना होणारा २०० मायक्रोअँपिअरचा खर्च बंदीच्या सबंध काळात ०.३ अँपिअर-तासांवर जात नाही. ज्या ४७ किलोओहमने झेनरला मुके केले तोच रोधक एलएम ४०४० ला अगदी योग्य आहे, यावरून लक्षात यावे की रोधकाचे मूल्य स्वतःहून बरे-वाईट नसते. कोणत्या डायोडची वळणाची सीमा कोठे आहे त्यावर ते ठरते. शिवाय एलएम ३९३ स्वतःच अर्धा-पाऊण मिलीअँपिअर घेतो आणि रोधकांची जोडी पाव मिलीअँपिअर, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून संदर्भाच्या वाट्याचे काही मायक्रोअँपिअर वाचवण्यात शहाणपण नाही. काटकसर करायची तर आधी कंपॅरेटर बदलावा.

पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, कोरडी करून, तिच्यावर वॉर्निशचा किंवा याच कामासाठी मिळणाऱ्या लेपाचा हात दोनदा द्यावा, हे तर करावेच, कारण मिठाचा थर रोधकांच्या जोडीलाही छळतो आणि तेथे प्रवाह वाढवून सुटका होत नाही. पण लेपाला चीर जाते, प्रीसेट उघडाच राहतो, पेटीचे रबर दोन हंगामांत कडक होते; या सगळ्यांवर भिस्त ठेवण्याऐवजी डायोडचा प्रवाह सढळ ठेवणे हा अधिक खात्रीचा बंदोबस्त आहे.

सूचक बांधून झाला की तो तपासण्याची रीत सोपी असून तिला बदलता वीजपुरवठा आणि एक डिजिटल मल्टिमीटर एवढेच लागते. पुरवठा १४.४ व्होल्टांवर ठेवून संदर्भाचे व्होल्टेज टिपावे, मग तो १२, ११ आणि ९ पर्यंत उतरवीत प्रत्येक ठिकाणी पुन्हा टिपावे. टीएल ४३१ निरोगी असेल तर या सबंध प्रवासात संदर्भ एखाद्या मिलीव्होल्टाने हलेल, साधा झेनर असेल तर काही दशांश व्होल्टांनी हलण्याची तयारी ठेवावी, आणि १४.४ ते ११ स्थिर राहून ९ ला एकदम पडला, तर रोधक मोठा झाला आहे असे निःशंक समजावे. प्रवाह मोजण्यासाठी मंडल तोडण्याची गरज नाही, रोधकाच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज मोजून त्याला रोधकाच्या मूल्याने भागावे. त्या भागाकारातून बाहेर नेलेला प्रवाह वजा करून जे उरते ते डायोडचे. काटा फिरणारा जुना मीटर या कामी टाळावा, कारण दर व्होल्टाला वीस किलोओहम असा मीटर दहा व्होल्टांच्या पट्टीवर स्वतःच साडेबारा मायक्रोअँपिअर ओढतो, आणि एलएम ४०४० सारख्या घटकाच्या बाबतीत मोजणाराच आजारी पाडतो.

हीच तपासणी नौका वर ओढल्यावर, मीठ पुसण्यापूर्वी, एकदा करून पाहावी. कोरड्या टेबलावर जो सूचक नऊ व्होल्टांना अडीच दाखवीत होता तो ओलसर पेटीत तितकेच दाखवतो का, हे त्याच वेळी कळते. न दाखवल्यास पट्टी धुऊन पुन्हा मोजावे. धुतल्यावर संदर्भ जागेवर आला तर दोष गळतीचा, आणि न आला तर रोधकाचा किंवा डायोडचा, एवढा निवाडा त्यातून होतो.

वाचकांपैकी जे हे सूचक बांधतात त्यांना एकच विनंती आहे : नऊ व्होल्टांना डायोडमधून किती प्रवाह जातो तो आकडा मोजून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने लिहावा, आणि त्याच्याखाली माहितीपत्रकातील हमीचा किमान प्रवाहही लिहावा, म्हणजे पुढे दुरुस्तीसाठी ती पेटी उघडणाऱ्याला दोन्ही आकडे एका नजरेत ताडून पाहता येतील.